जलतरणपटूंचा जमिनीवरील बलव्यायाम

जमिनीवरील बलव्यायाम (ड्रायलँड) म्हणजे स्पर्धात्मक जलतरणपटूने ताकद वाढवण्यासाठी तलावाबाहेर केलेला सराव होय. या सरावात खांदे आणि पाय यांच्या गरजा परस्परविरुद्ध असतात.

खांद्यावरील भार

५० मीटरच्या तलावात ६ किलोमीटर पोहणारा खेळाडू १२० लांब्या पूर्ण करतो. एका लांबीत प्रत्येक हात १८ वेळा फिरतो असे धरल्यास प्रत्येक खांद्याची २,१६० आवर्तने होतात. पाणी मागे ढकलताना छातीचे व पाठीचे मोठे स्नायू दंड आतल्या बाजूस वळवतात. ते बळकट होत जातात. मात्र दंड बाहेर वळवणारे लहान स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत. अशा असमतोलामुळे दंडाचे डोके सांध्यात नीट मध्यभागी राहत नाही आणि दुखणे उद्भवू शकते. या दुखण्यास १९७४ मध्ये केनेडी व हॉकिन्स यांनी ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव दिले.

म्हणून जमिनीवर खांद्याला आणखी थकवणे हा हेतू नसतो. कोपर बरगडीजवळ ठेवून रबरी पट्टा बाहेर ओढणे, रोइंग आणि खवाट्याला आधार देणाऱ्या स्नायूंचे व्यायाम हलक्या भाराने केले जातात. ते पोहण्याआधी थकेपर्यंत करू नयेत, कारण थकलेले लहान स्नायू पाण्यात सांधा सावरू शकत नाहीत.

पायांची ताकद

पोहणाऱ्याला घट्ट आधार फक्त दोनदा मिळतो: उडीच्या ठोकळ्यावर आणि वळणावर भिंतीशी. तेथे मिळालेला वेग शर्यतीतील सर्वाधिक वेगांपैकी असतो. मुक्तशैलीत त्यानंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येते. त्यामुळे पायांसाठी जड भार, कमी आवर्तने व झपाट्याच्या उड्या उपयुक्त ठरतात.

नमुना सत्र

१०० मीटर मुक्तशैलीच्या प्रौढ, अनुभवी खेळाडूचे सत्र पुढीलप्रमाणे असू शकते. शरीर तापवल्यावर, पाय ताजे असताना, जागेवरून लांब उडीचे ३ उड्यांचे ४ संच घेतले जातात. त्यानंतर ५ आवर्तनांचे ४ स्क्वॉट केले जातात आणि दोन संचांत २ ते ३ मिनिटे विश्रांती असते. पाठीवर बार धरताना खांदा मागे ताणला जातो. दुखरा खांदा असल्यास वजन छातीसमोर धरणे सोयीचे असते. शेवटी रोइंगचे १० आवर्तनांचे ३ संच आणि रबरी पट्ट्याचे १५ आवर्तनांचे २ संच होतात.

उडीचे अंतर सत्रातच कमी होऊ लागले, तर पाय थकले असे समजून उड्या थांबवाव्यात. थकून मारलेल्या उड्यांनी स्फोटकता वाढत नाही. खांद्याच्या पुढच्या भागात पोहताना दुखणे किंवा पाणी पकडताना कोपर खाली पडणे ही भार कमी करण्याची चिन्हे आहेत. असे झाल्यास डोक्यावर वजन ढकलण्याचे व्यायाम प्रथम बंद केले जातात. पुढच्या बाजूने खांदा ताणण्याचे व्यायामही टाळावेत, कारण अनेक जलतरणपटूंचे खांदे मुळातच सैल असतात. विश्रांतीत किंवा रात्रीही दुखत राहिल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.