रेझ्युमेमध्ये ‘काय काम होतं’ नको, ‘काय बदललं’ लिहा: फ्रेशर इंजिनिअरच्या तीन ओळींचं उदाहरण

‘सीएनसी विभागात काम केले. क्वालिटी टीमला मदत केली. प्रॉडक्शनचा डेटा एक्सेलमध्ये भरला.’

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या रेझ्युमेमध्ये इंटर्नशिपखाली साधारण अशाच तीन ओळी असतात. त्यात खोटं काही नसतं. अडचण अशी की त्याच कारखान्यात त्याच वेळी असलेले बाकीचे इंटर्नही हेच लिहू शकतात. या ओळींमधून नेमून दिलेलं काम कळतं, पण त्या मुलाने किंवा मुलीने ते कसं केलं आणि त्यातून काय झालं, हे कळत नाही.

गूगलचे माजी मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी यासाठी एक साधं सूत्र सांगितलं होतं: काय साध्य केलं, ते कशावरून मोजलं आणि त्यासाठी नेमकं काय केलं. हे तिन्ही भाग एकाच ओळीत यायला हवेत. सूत्र सोपं आहे, पण फ्रेशरची गाडी अडते ती दुसऱ्या भागावर. आकडा आणायचा कुठून?

पहिली ओळ: ‘सीएनसी विभागात काम केले’

समजा, एका विद्यार्थिनीने चाकणच्या एका ऑटो पार्ट कारखान्यात सहा आठवडे इंटर्नशिप केली. तिथे सीएनसी टर्निंग मशीनवर दिवसाला दोनदा जॉब बदलायचा. जॉब बदलला की चकचे जबडे बदलणं, टूल लावणं, ऑफसेट देणं आणि पहिला नग तपासून घेणं, एवढं सगळं करावं लागतं. तेवढा वेळ मशीन बंद. यालाच सेटअप टाइम म्हणतात.

तिने १२ सेटअप स्टॉपवॉच लावून मोजले. सरासरी ५२ मिनिटं निघाली. त्यातली बरीच मिनिटं मशीन बंद ठेवून टूल आणि गेज आणायला स्टोअरमध्ये जाण्यात जात होती. हे काम आधीचा जॉब चालू असतानाच उरकता येतं. मग तिने प्रत्येक जॉबला लागणाऱ्या टूल आणि गेजची चेकलिस्ट बनवली आणि सुपरवायझरच्या परवानगीने सगळं सामान आधीच ट्रॉलीत लावून ठेवायला सुरुवात झाली. पुढच्या १० सेटअपची सरासरी ३८ मिनिटं आली.

आता तीच ओळ अशी होते:

*‘सीएनसी टर्निंग मशीनचा सरासरी सेटअप टाइम ५२ वरून ३८ मिनिटांवर आणण्यात सहभाग, १२ सेटअप मोजून वेळ कुठे जातो ते शोधले, टूल-गेजची चेकलिस्ट तयार केली, बदलानंतर १० सेटअप पुन्हा मोजले.’*

रेझ्युमे इंग्रजीत असला तरी ओळीची बांधणी हीच ठेवावी. सुरुवात ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने न करता ‘मेझर्ड’, ‘रिड्यूस्ड’, ‘बिल्ट’ अशा थेट क्रियापदाने करावी.

५२ वरून ३८ म्हणजे साधारण २७ टक्के घट. पण नुसतं ‘२७ टक्के घट’ लिहिण्यापेक्षा दोन्ही मूळ आकडे देणं केव्हाही चांगलं. टक्क्यांमागे पाया किती मोठा आहे ते झाकलं जातं. आठवड्याला तीन नग रिजेक्ट होत होते आणि नंतरच्या आठवड्यात दोन झाले, तर कागदावर ती ३३ टक्के सुधारणा दिसते. प्रत्यक्षात फरक एका नगाचा आहे आणि तो योगायोगही असू शकतो.

आकडा खरा आहे हे कसं ओळखायचं

शॉप फ्लोअर पाहिलेला मुलाखतकार या ओळीवर पहिला प्रश्न असा विचारेल: आधीचे आणि नंतरचे जॉब सारखेच होते का? आधीचे सेटअप अवघड पार्टचे आणि नंतरचे सोप्या पार्टचे असतील, तर वेळ चेकलिस्टमुळे कमी झाला असं म्हणता येत नाही. म्हणून नोंद करतानाच तारीख, शिफ्ट आणि जॉबचा प्रकार लिहून ठेवायला हवा. सगळे जॉब जुळत नसतील, तर फक्त सारख्या जॉबची सरासरी काढावी. आकडा लहान झाला तरी चालतो.

दुसरा धोका आकडा ताणण्याचा. सेटअपमागे १४ मिनिटं, दिवसाला दोन सेटअप, म्हणजे एका मशीनवर दिवसाला २८ मिनिटं. इथपर्यंतचा हिशोब ठीक आहे. तिथून पुढे ‘कंपनीचे लाखो रुपये वाचवले’ अशी उडी मारली की घोळ होतो. मशीनचा तासाचा दर इंटर्नला बहुधा माहीत नसतो. शिवाय वाचलेल्या वेळेत जास्त नग निघतीलच असंही नाही. पुढच्या ग्राइंडिंग मशीनवरच माल तुंबत असेल, तर टर्निंग लवकर होऊनही दिवसाचं उत्पादन तेवढंच राहतं.

तिसरी गोष्ट श्रेयाची. ट्रॉली वापरायला परवानगी सुपरवायझरने दिली आणि सेटअप ऑपरेटरने केला. म्हणून वरच्या ओळीत ‘सहभाग’ हा शब्द आहे आणि मोजणी व चेकलिस्ट हे तिचं स्वतःचं काम वेगळं दिसतं. चार जणांच्या कॉलेज प्रोजेक्टलाही हेच लागू होतं: गटाचा निकाल एकदा लिहावा आणि लगेच आपला भाग सांगावा.

दुसरी ओळ: जिथे ‘आधी-नंतर’ नाहीच

‘क्वालिटी टीमला मदत केली’ या ओळीला अशी सुधारणा दाखवता येईलच असं नाही. अशा वेळी कामाचा आवाका आणि अचूकता सांगावी. तिने २४ दिवस रोज ४० शाफ्टचा बाहेरचा व्यास मोजला असेल, तर ओळ अशी होईल:

*‘०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने ९६० शाफ्टचा व्यास मोजून नोंदवला. टूल झिजत जाईल तसा व्यास वाढतो हे आलेखातून सुपरवायझरला दाखवले.’*

रिजेक्शन किती कमी झालं याचा आकडा इथे नाही, कारण तो तिने मोजलाच नव्हता. तरीही तिला कोणतं उपकरण हाताळता येतं आणि नुसते आकडे भरण्यापलीकडे ती विचार करते, हे या एका ओळीतून दिसतं. तिसरी ओळ, म्हणजे एक्सेलमधली डेटा एन्ट्री, सरळ काढून टाकावी. ती वरच्या दोन्हींमध्ये आलीच आहे.

इंटर्नशिप संपून गेली असेल तर

आकडे बरेचदा जुन्या कागदांत सापडतात. रोजची इंटर्नशिप डायरी, कॉलेजला दिलेला रिपोर्ट, आपण बनवलेली एक्सेल शीट हे सगळं आधी चाळावं. सुपरवायझरला फोन करून ‘दिवसाला साधारण किती सेटअप व्हायचे?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं. अंदाजाचा आकडा असेल तर ‘सुमारे’ लिहावं आणि अंदाज कसा काढला ते लक्षात ठेवावं. काहीच सापडलं नाही, तर ती ओळ आकड्याशिवाय ठेवावी, पण उपकरण, जॉब आणि आपली कृती नेमकी लिहावी.

कारखान्याच्या ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि ड्रॉइंगवरची मापं मात्र रेझ्युमेमध्ये घालू नयेत. गुप्ततेच्या करारावर सही केली असेल, तर सेटअप टाइमसारखे आकडे लिहिण्याआधीही कंपनीला विचारून घ्यावं.