विषुववृत्तावर ताणकाटा कमी वजन का दाखवतो?

दहा किलोग्रॅम वस्तुमानाचा एक लोखंडी ठोकळा आणि स्प्रिंगचा एक उत्तम ताणकाटा घेऊन आपण उत्तर ध्रुवावर उभे आहोत, अशी कल्पना करू. ठोकळा अडकवला असता काटा बरोबर १० किलोग्रॅम दाखवील, असा तो तेथे लावून घेतला. आता हीच जोडी विषुववृत्तावर समुद्रसपाटीला आणली आणि काट्याला कोठेही हात लावला नाही, तर तो सुमारे ९ किलो ९४७ ग्रॅम दाखवील. लोखंडाचा कणही झडलेला नाही आणि स्प्रिंगही बिघडलेली नाही. तरीही त्रेपन्न ग्रॅम कमी भरले. यांपैकी सुमारे दोनतृतीयांश घट पृथ्वीच्या परिवलनामुळे थेट होते. उरलेली घट पृथ्वीच्या आकारामुळे होते आणि तो आकारही परिवलनानेच घडवलेला आहे.

ताणकाटा नेमके काय मोजतो?

वाण्याच्या दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला वजने असतात. पृथ्वीची ओढ कमीअधिक झाली तर ती दोन्ही पारड्यांवर सारख्याच प्रमाणात होते. म्हणून असा तराजू ध्रुवावर आणि विषुववृत्तावर एकच उत्तर देतो. त्याने खऱ्या अर्थाने वस्तुमानाची तुलना केलेली असते.

ताणकाट्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात तुलनेसाठी दुसरी वस्तू नसते. ठोकळा खाली पडू नये म्हणून स्प्रिंगला किती बळाने वर ओढावे लागते, तेवढेच तो सांगतो. तबकडीवर किलोग्रॅमचे आकडे असले तरी मोजले जाते ते बल. काट्याची सूची पृथ्वीची संपूर्ण ओढ दाखवते असे आपण गृहीत धरतो. विषुववृत्तावर हेच गृहीतक चुकते.

ओढीचा थोडा भाग कोठे खर्च होतो?

विषुववृत्तावर टांगलेला ठोकळा आपल्याला स्थिर दिसतो, पण तो स्थिर नसतो. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे तो ठोकळा, काटा आणि काटा धरणारा माणूस हे सारे सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतात, तेही सरळ रेषेत नव्हे, तर एका प्रचंड वर्तुळावर.

वर्तुळावर फिरणारी वस्तू प्रत्येक क्षणी सरळ निघून जाऊ पाहते. तिला वर्तुळावर ठेवायचे तर केंद्राच्या दिशेने सतत बल लावावे लागते. गोफणीतल्या दगडासाठी हे काम दोरी करते. येथे ते करण्यास पृथ्वीच्या ओढीखेरीज दुसरे काहीच उपलब्ध नाही. म्हणून त्या ओढीचा एक लहानसा हिस्सा ठोकळ्याला वर्तुळावर वळवण्यात जातो आणि उरलेलाच स्प्रिंगला पेलावा लागतो. स्प्रिंगने पूर्ण ओढीइतकेच बल वर लावले असते, तर दोन्ही बले एकमेकांना पूर्ण छेदून गेली असती आणि ठोकळा वर्तुळावर वळलाच नसता.

आता आकडे पाहू. वेगाच्या वर्गाला पृथ्वीच्या विषुववृत्तीय त्रिज्येने, म्हणजे ६,३७८ किलोमीटरने, भागले की ठोकळ्याला लागणारे त्वरण मिळते. ते सेकंदवर्गाला ०.०३४ मीटर इतके येते. विषुववृत्तावर पृथ्वीची खरी ओढ दर किलोग्रॅमला सुमारे ९.८१४ न्यूटन आहे. त्यातून ०.०३४ वजा केले की ९.७८० न्यूटन उरतात. काटा हेच ९.७८० मोजतो. १० किलोच्या ठोकळ्यासाठी ही कपात सुमारे साडेचौतीस ग्रॅमच्या ओढीइतकी भरते.

पृथ्वीसोबत फिरणारा निरीक्षक हीच गोष्ट निराळ्या शब्दांत मांडतो. ठोकळा त्याला स्थिर दिसत असल्याने तो बाहेरच्या दिशेने ‘केंद्रोत्सारी बल’ लागते असे मानतो आणि ते ओढीतून वजा करतो. दोन्ही हिशेबांचे उत्तर एकच येते. मात्र एका वेळी एकच हिशेब वापरावा. दोन्ही एकत्र केले, तर एकच कपात दोनदा धरली जाते.

ही कपात किती लहान आहे याचा अंदाज असा घेता येईल. ती विषुववृत्तावरील खऱ्या ओढीचा सुमारे दोनशेनव्वदावा भाग आहे. लागणारे त्वरण परिवलनाच्या गतीच्या वर्गाने वाढते. त्यामुळे पृथ्वी आजच्या सतरा पट वेगाने फिरू लागली, म्हणजे दिवस सुमारे ८४ मिनिटांचा झाला, तर विषुववृत्तावर सारी ओढ केवळ वळवण्यातच खर्ची पडेल आणि ताणकाटा शून्य दाखवील.

ध्रुवाकडे जाताना काय बदलते?

विषुववृत्तापासून दूर जावे तसे दोन बदल एकाच वेळी होतात. पहिला असा की अक्षाभोवतीचे वर्तुळ लहान होत जाते. साठ अंश अक्षांशावर त्याची त्रिज्या निम्मीच उरते, त्यामुळे वळवण्यासाठी लागणारे त्वरणही निम्मे होते. दुसरा असा की हे त्वरण पृथ्वीच्या केंद्राकडे नसून अक्षाकडे असते. त्याचा काही भागच उभ्या दिशेत मोडतो आणि साठ अंशांवर तोही निम्माच असतो. दोहोंचा परिणाम होऊन तेथे काट्यावरील कपात विषुववृत्ताच्या एकचतुर्थांश राहते. प्रत्यक्ष ध्रुवावर ठोकळा जागच्या जागी गिरकी घेतो, त्याला वर्तुळ असे उरतच नाही आणि कपात शून्य होते.

उरलेले अठरा ग्रॅम

त्रेपन्नातून साडेचौतीस वजा केले की सुमारे अठरा ग्रॅम उरतात. याचे कारण असे की पृथ्वी तंतोतंत गोल नाही. कोट्यवधी वर्षे फिरत राहिल्याने ती मध्यभागी फुगली आहे आणि विषुववृत्तावरील माणूस ध्रुवावरील माणसापेक्षा केंद्रापासून सुमारे २१ किलोमीटर अधिक दूर असतो.

येथे एक चूक वारंवार होते. अंतर वाढले की ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम सरळ लावला तर एकट्या अंतरामुळेच ६६ ग्रॅमची घट निघते. ती प्रत्यक्षातील एकूण घटीपेक्षाही मोठी आहे! हिशेब चुकतो, कारण आपण हवेत २१ किलोमीटर वर चढलेलो नाही. आपल्या पायांखाली त्या फुगवट्याचे जास्तीचे द्रव्य आहे आणि तेही आपल्याला ओढते. ही वाढ अंतराने झालेली घट बरीचशी भरून काढते.

कारण परिवलनच, हे कशावरून?

ओढीतील हा फरक प्रथम लक्षात आला तो ताणकाट्याने नव्हे, तर लंबकाच्या घड्याळाने. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेले. हे ठिकाण विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर आहे. पॅरिसमध्ये बरोबर चालणारा लंबक तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागला आणि वेळ जुळवण्यासाठी तो किंचित आखूड करावा लागला. न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या निरीक्षणाचा संबंध पृथ्वीच्या परिवलनाशी आणि तिच्या चपट्या आकाराशी जोडला.

तरीही आकाराचा आणि गतीचा परिणाम वेगळा कसा काढायचा, हा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर समुद्रावर मिळाले. जर्मन संशोधकांनी चालत्या जहाजांवर घेतलेली गुरुत्वाची मापने तपासताना हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ लोरांद एटव्हश यांना दिसले की पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर ओढ कमी भरते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर जास्त. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाचा वेग पृथ्वीच्या गतीत मिळवला जातो, पश्चिमेकडे जाणाऱ्याचा तीतून वजा होतो. १९०८ मध्ये काळ्या समुद्रात एक जहाज पूर्वेकडे व दुसरे पश्चिमेकडे नेऊन हे पडताळून पाहिले गेले. समुद्र तोच, केंद्रापासूनचे अंतरही तेच, बदलली ती केवळ गती. विषुववृत्तावर ताशी ३६ किलोमीटरने पूर्वेकडे निघालेल्या जहाजात आपला १० किलोचा ठोकळा आणखी दीड ग्रॅमने हलका भरेल आणि परतीच्या वाटेवर स्थिर काट्यापेक्षा दीड ग्रॅमने जड.

लंडनचा काटा मुंबईत

आपल्यापैकी अनेकांच्या प्रवासाशी जुळणारे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीवरील प्रमाण सूत्राने लंडनला ही ओढ दर किलोग्रॅमला ९.८१२ न्यूटन येते, तर मुंबईला ९.७८६. लंडनमध्ये बरोबर लावलेल्या काट्यावर २३ किलोची बॅग मुंबईत सुमारे ६० ग्रॅम कमी भरेल. बॅग टांगून तोलायच्या साध्या स्प्रिंगकाट्यावर हा फरक दिसणारच नाही, कारण त्याच्या दोन रेघांमधले अंतर याहून मोठे असते. मॉरिशस आणि मुंबई यांच्यात तर फरक जवळपास नाहीच. एक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आणि दुसरे उत्तरेला असले, तरी दोन्ही जवळजवळ सारख्याच अंशांवर आहेत.

सोने तोलताना मात्र हाच फरक डोळ्यांत भरतो. इलेक्ट्रॉनिक काट्यात स्प्रिंग दिसत नसली तरी तोही बलच मोजतो. पुष्कळ काट्यांत त्यासाठी भाराने किंचित वाकणारा धातूचा तुकडा असतो. लंडनमध्ये जुळवलेला असा काटा तसाच मुंबईत वापरला, तर १०० ग्रॅम सोने ९९.७३ ग्रॅम भरेल. म्हणून अचूक काटे वापराच्या ठिकाणीच प्रमाणित वजन ठेवून जुळवून घ्यावे लागतात. काही काट्यांच्या पोटातच असे वजन बसवलेले असते. हे केले की काटा त्या जागेपुरते वस्तुमान बरोबर सांगतो.

प्रयोग करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी

हा फरक साध्या ताणकाट्याने पकडू पाहणाऱ्याला तापमान फसवते. पोलादी स्प्रिंग उष्णतेने किंचित मऊ होते आणि त्याच भाराने जास्त ताणली जाते. सुमारे वीस अंश सेल्सियसच्या वाढीने वाचन जवळजवळ अर्ध्या टक्क्याने वाढू शकते. ध्रुव आणि विषुववृत्त यांतील एकूण फरकही अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आहे, पण उलट दिशेने. थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशात नेलेला काटा म्हणूनच ‘काहीच बदल नाही’ असे खोटे सांगू शकतो. दोन्ही ठिकाणी खोलीचे तापमान सारखे ठेवावे आणि जोडीला दोन पारड्यांचा तराजू ठेवावा. तराजू समतोल राहिला आणि ताणकाटा घसरला, तर बदल ठोकळ्यात नाही, त्याला ओढणाऱ्या बलात आहे, हे निश्चित होते.