धोरण-टिपण (पॉलिसी ब्रीफ)

एखाद्या संशोधन-निबंधाचे निष्कर्ष निर्णय घेणाऱ्याला वाचता येतील अशा रीतीने दोन पानांत मांडणारा दस्तऐवज. मथळा, ठळक मुद्दे आणि करता येण्याजोगे पर्याय ही त्याची तीन अंगे. निबंधाच्या सारांशाहून तो वेगळा असतो. सारांश संशोधकाने काय केले ते सांगतो, टिपण वाचणाऱ्याने आता काय करायचे ते सांगते.

निबंधावरून टिपण कसे करायचे हे पाहायला डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील नवजात बालकांवरील निबंध चांगले उदाहरण आहे. तो डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1993–95 मध्ये प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळे पहिल्या 28 दिवसांत दगावत होती. 1997–98 मध्ये हे प्रमाण 25.5 झाले. तुलनेच्या गावांत ते 57.7 वरून 59.6 वर गेले.

धाराशिव जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी यावरून टिपण करायचे असे धरू. गडचिरोली व धाराशिव हे दोन्ही जिल्हे 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेत, पण तेवढ्यावरून एकाचा आकडा दुसऱ्याला लागू होत नाही.

पहिली अडचण आकड्याचीच येते. निबंधातली घट 62.2 टक्के आहे, तर 62 आणि 25.5 यांवरून हिशेब केल्यास 59 टक्के निघते. कारण निबंधाने तुलनेच्या गावांतली 3.3 टक्के वाढही घटीत मिळवली आहे. टिपणात टक्केवारी गाळून ‘हजारी 62 वरून 25.5’ एवढेच लिहावे आणि शेजारी तुलनेच्या गावांचे आकडे द्यावेत. ते गाळले, तर घट काळाच्या ओघात आपोआप झाली की कामामुळे झाली हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी अडचण काळाची. त्या वेळी गडचिरोलीतल्या त्या गावांत बाळंतपणे बहुतेक घरीच होत. आज ती बहुतांशी दवाखान्यात होतात, म्हणजे मूळ धोकाच निराळा. शिवाय सर्चच्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देत. 2011 पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशांकडे ते काम दिलेले नाही. ‘धाराशिवमध्येही मृत्यू निम्म्याहून कमी होतील’ असा मथळा म्हणूनच चुकीचा ठरतो, आणि असे मथळेच सर्वांत जास्त दिसतात.

जिल्ह्याची स्वतःची फट कुठे आहे, हे निबंधात सापडणार नाही. भूम, वाशी, कळंब या बालाघाटच्या पट्ट्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडे आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचे असते, पण आई फडावर गेली की तिच्या गावच्या आशाचे काम तिथेच थांबते. मथळा इथून निघतो: ‘ऊसतोडीला गेलेल्या मातांच्या बाळांनाही गृहभेटी मिळाव्यात’. अशा किती बाळांच्या भेटी हुकतात, हे जिल्ह्याच्या नोंदींतून काढून त्या मथळ्याखालीच द्यावे. गृहभेटींचा उपयोग निबंधाने दाखवला आहे, हुकलेल्या भेटी जिल्हा दाखवणार. हे दोन पुरावे एकाच वाक्यात मिसळू नयेत.

पर्याय लिहिताना ते कोणाच्या अधिकारात आहेत हे आधी पाहावे. टोळ्या निघण्यापूर्वी शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांची यादी करून ती कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवणे जिल्ह्याला जमते. गटप्रवर्तकांनी काही बाळांचे वजन पुन्हा करून भेटी खरोखर झाल्या का हे तपासणेही जमते. सहाही भेटी पूर्ण केल्यावर आशाला मिळणारे 250 रुपये वाढवणे मात्र जिल्हा परिषदेच्या हातात नाही, तो निर्णय वरून यावा लागतो. असा पर्याय गाळू नये, पण ‘राज्याकडे शिफारस’ म्हणून वेगळा ठेवावा. ‘आहे तसेच चालू ठेवणे’ हाही पर्याय त्याच्या परिणामासह लिहावा, नाहीतर अधिकारी तोच निवडतो आणि त्याची किंमत कागदावर येत नाही.

पहिल्या पानावर मथळा, तीन-चार मुद्दे आणि एकच तक्ता पुरतो. मागच्या पानावर पर्याय येतात, प्रत्येकासमोर जबाबदार अधिकारी आणि खर्चाचे शीर्ष. अभ्यासाच्या मर्यादाही याच पानावर येतात. गडचिरोलीत गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, हे तिथे एका वाक्यात सांगावे. टिपण पाठवण्याआधी एखाद्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला पाच मिनिटे वाचायला द्यावे आणि सोमवारी पहिले पत्र कोणाला लिहाल, असे विचारावे. उत्तरात पदनाम आले नाही, तर मागचे पान पुन्हा लिहायला घ्यावे.