निद्रा-आरोग्याचे नियम आणि दीर्घकालीन निद्रानाश

निद्रा-आरोग्याचे नियम (स्लीप हायजीन) म्हणजे चांगल्या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या सर्वसाधारण सूचनांचा संच होय. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळणे, खोली अंधारी व शांत ठेवणे, नियमित व्यायाम करणे, झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवणे या सूचनांचा त्यात समावेश होतो. मात्र दीर्घकालीन निद्रानाशावर एकमेव उपाय म्हणून हे नियम पुरेसे ठरत नाहीत. आठवड्यातून किमान ३ रात्री व किमान ३ महिने झोप लागण्यात वा टिकण्यात अडचण येत असेल आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश मानला जातो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केवळ निद्रा-आरोग्याचे नियम हा स्वतंत्र उपचार म्हणून वापरू नये, अशी सशर्त शिफारस केली आहे.

नियम अपुरे पडण्याची कारणे

मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांच्या प्रतिमानानुसार निद्रानाशामागे तीन प्रकारचे घटक असतात : मूळ प्रवृत्ती, आजार किंवा चिंता यांसारखे तात्कालिक निमित्त आणि त्रास टिकवून ठेवणाऱ्या सवयी. निमित्त संपले तरी सवयी उरतात. गेलेली झोप भरून काढण्यासाठी व्यक्ती लवकर अंथरुणावर पडते, सकाळी उशिरापर्यंत लोळते, दुपारी डुलकी घेते. यामुळे दोन गोष्टी घडतात. जागेपणाच्या तासांबरोबर वाढणारी झोपेची गरज पुरेशी साठत नाही. आणि अंथरुणावर तासन्‌तास जागे राहिल्याने मेंदू अंथरुणाची सांगड झोपेऐवजी जागेपणाशी घालतो. दिवाणखान्यात पेंगणारी व्यक्ती अंथरुणावर पडताच टक्क जागी होते, हे त्याचे ठळक लक्षण होय. चहा सोडल्याने किंवा पडदे लावल्याने या दोहोंपैकी काहीही बदलत नाही. उलट नियमांची यादी काटेकोरपणे पाळूनही झोप आली नाही, तर झोपेविषयीची धास्ती वाढते.

प्राधान्याच्या सवयी

१. उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे. रात्र कशीही गेली तरी सुटीच्या दिवसासह रोज त्याच वेळी उठावे. झोपी जाणे इच्छेच्या अधीन नसते, उठणे असते.

२. जाग असताना अंथरूण सोडणे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या उद्दीपक-नियंत्रण पद्धतीचा हा गाभा आहे. पेंग आल्यावरच अंथरुणावर जावे. साधारण १५ ते २० मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसरीकडे मंद प्रकाशात शांतपणे बसावे आणि पेंग आल्यावरच परतावे. ही वेळ अंदाजाने ठरवावी. घड्याळ पाहत राहिल्याने जाग वाढते. घरात एकच खोली असल्यास अंथरुणाबाहेर खुर्चीवर बसणेही चालते.

३. अंथरुणावरील वेळ मर्यादित करणे. यास निद्रा-मर्यादा पद्धती म्हणतात. त्यासाठी प्रथम १ ते २ आठवडे झोपेची रोजनिशी ठेवली जाते.

उदाहरण

एखादी व्यक्ती रात्री १० ते सकाळी ७ अशी ९ तास अंथरुणावर असते, परंतु रोजनिशीनुसार सरासरी साडेपाच तासच झोपते, असे मानू. तिची झोपेची कार्यक्षमता, म्हणजे अंथरुणावरील वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचे प्रमाण, सुमारे ६१ टक्के येते. उठण्याची वेळ ६ ठरवल्यास तिने रात्री साडेबारापूर्वी झोपायला जाऊ नये. आठवड्यानंतर ती या साडेपाच तासांपैकी ५ तास झोपू लागली, तर कार्यक्षमता सुमारे ९१ टक्के होते. ती ८५ टक्क्यांहून अधिक असल्याने झोपण्याची वेळ १५ मिनिटे अलीकडे, म्हणजे सव्वाबारावर आणली जाते. कार्यक्षमता ८० ते ८५ टक्के असल्यास वेळ तशीच ठेवतात. त्याहून कमी असल्यास १५ मिनिटांनी घटवतात. मात्र अंथरुणावरील वेळ सहसा ५ तासांपेक्षा कमी केली जात नाही.

येथे एकूण झोप सुरुवातीला अर्ध्या तासाने घटली, हे लक्षणीय आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिवसा पेंग वाढणे अपेक्षित असते. झोपेची गरज साठत असल्याचे ते चिन्ह होय. याच टप्प्यावर दुपारची डुलकी किंवा रविवारी उशिरा उठणे यांमुळे ही साठवण खर्ची पडते आणि उपचार निष्फळ वाटू लागतो.

मर्यादा

द्विध्रुवीय विकार, अपस्मार किंवा झोपेत चालण्याचा विकार असणाऱ्यांनी निद्रा-मर्यादा पद्धती स्वतःहून अवलंबू नये. झोप कमी झाल्याने हे विकार बळावू शकतात. वाहनचालक व यंत्रांवर काम करणाऱ्यांना दिवसाच्या पेंगेमुळे अपघाताचा धोका संभवतो. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडणे किंवा पायांतील अस्वस्थता असल्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. निद्रा-आरोग्याचे नियम पूर्णतः निरुपयोगी नाहीत. रात्री उशिरा कॉफी पिणाऱ्या व्यक्तीस ती सोडण्याचा लाभ होतोच. दीर्घकालीन निद्रानाशात मात्र त्यांचे स्थान वरील तीन सवयींनंतरचे आहे.