वी, बेर्न आणि ड्रीख : 'बिघडलेलं' इंग्रजी वाचताना

एका मैत्रिणीने 'सनसेट साँग' वाचायला घेतली आणि चाळीस पानांनंतर मेसेज टाकला, "हे नक्की इंग्रजीच आहे ना? दर परिच्छेदात एक शब्द अडतोय, आणि जे शब्द ओळखीचे वाटतात त्यांचा अर्थ जुळत नाही." सोबत यादी होती: वी, बेर्न, ड्रीख, क्वीन, ग्रीट. उत्तर लिहायला बसलो तर ते मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथे टाकतोय. तुमच्यापैकी कोणी स्कॉटिश कादंबरी हातात घेऊन असंच अडकलं असेल तर उपयोग होईल.

पुस्तकाबद्दल थोडक्यात. लुइस ग्रॅसिक गिबन या टोपणनावाने जेम्स लेस्ली मिचेलने १९३२ मध्ये ही कादंबरी लिहिली. स्कॉटलंडच्या ईशान्येला मर्न्स नावाचा शेतीचा पट्टा आहे, तिथे ती घडते. काळ पहिल्या महायुद्धाच्या आधीचा आणि युद्धाचा. नायिका क्रिस गथ्री, शेतकऱ्याची हुशार मुलगी. एवढं पुरे, पुढची गोष्ट सांगून मजा घालवत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. हे शब्द म्हणजे खेडवळ किंवा बिघडलेलं इंग्रजी नव्हे. ती स्कॉट्स नावाची भाषा आहे, आणि इंग्रजीशी तिचं नातं मुलीचं नसून बहिणीचं आहे. (गेलिक वेगळी. ती केल्टिक, आयरिशच्या घरातली. 'लॉख' म्हणजे सरोवर हा शब्द तिकडून आलेला.) सातव्या शतकात नॉर्थम्ब्रिया या अँग्लियन लोकांच्या राज्याची हद्द आजच्या एडिंबरापर्यंत पोचली, आणि तिथे जुन्या इंग्रजीची उत्तरेकडची बोली रुजली. बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने व्यापारी गावं वसवली, तेव्हा उत्तर इंग्लंडातून लोक आले. त्यांच्या बोलीत व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेची भरपूर भेसळ झालेली होती. त्यामुळे बेर्नसारखे शब्द आजही यॉर्कशर-नॉर्थम्बरलंडकडे ऐकू येतात. सीमा नकाशावर आहे, शब्दांना ती फारशी माहीत नाही.

पंधराव्या-सोळाव्या शतकात ही एका स्वतंत्र राज्याची भाषा होती. दरबार, कोर्टकचेऱ्या, संसदेचे कायदे, सगळं तिच्यात चाले. गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये व्हर्जिलचं अख्खं 'एनीड' तिच्यात आणलं. लंडनचं इंग्रजी शेजारच्या राज्यातलं होतं, बस्स.

आता शब्दांकडे.

'वी' म्हणजे लहान, हे कोणीही अंदाजाने सांगेल. पण मूळ मजेशीर आहे. हा शब्द मुळात विशेषण नव्हताच. जुन्या इंग्रजीत वजनाला जो शब्द होता त्याचा हा वंशज, म्हणजे इंग्रजी 'वे' (वजन करणे) याचा सख्खा नातेवाईक. मध्ययुगात 'अ लिटल वी' म्हणत, म्हणजे 'थोडंसं माप', 'जरासा अवधी'. कायम 'लिटल'च्या शेजारी बसून बसून 'वी'लाच लहानपणाचा अर्थ चिकटला! कादंबरीत मात्र तो दरवेळी आकार सांगत नाही. कोणी 'वी' कप चहा देऊ करतं तेव्हा कप छोटा नसतो. आपण "जरा चहा घ्या" म्हणतो त्यातला तो 'जरा' आहे, बोलणं मऊ करायला टाकलेला. उलट एखाद्या मोठ्या माणसाला 'वी मॅन' म्हटलं की त्यात माया आहे की हिणवणं, हे सूर बघून ठरवायचं.

'बेर्न' म्हणजे मूल. मुलगा की मुलगी ते शब्द सांगत नाही, अगदी आपल्या 'मूल'सारखं. जुन्या इंग्रजीत 'बेअर' म्हणजे वाहणे, जन्म देणे, त्यावरून हा 'जन्माला घातलेला'. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियनमध्ये मुलाला आजही 'बार्न'च म्हणतात. आणि त्या 'बेअर'चं मूळ संस्कृत 'भृ' धातूशी जुळतं, म्हणजे आपला 'भार' त्याच कुळातला. पण वाचकाच्या कामाची गोष्ट दुसरी आहे: हा शब्द गाव सांगतो. पात्रं 'बेर्न' म्हणत असतील तर तुम्ही बहुधा स्कॉटलंडच्या पूर्व किंवा उत्तर भागात आहात. 'वेन' म्हणत असतील तर पश्चिमेला, ग्लासगोच्या बाजूला. 'वेन' म्हणजे 'वी एन', 'छोटं एक', एका दमात म्हटलेलं. मर्न्सच्या आसपास मुलीला 'क्वीन' म्हणतात, आणि इथे मैत्रीण राणी शोधत बसली होती :-) जुन्या इंग्रजीत बाईला 'क्वेने' म्हणत. त्या शब्दाच्या अगदी जवळच्या दुसऱ्या शब्दाची लंडनमध्ये राणी झाली, हा मात्र गोठ्यात आणि शेतातच राहिला.

'ड्रीख' माझा सगळ्यात आवडता. आज कोणत्याही स्कॉटिश माणसाला विचारा, तो हवामान सांगेल: राखाडी आभाळ, गारठा, ना धड पाऊस ना उघडीप. पण हा नंतरचा अर्थ. मूळ अर्थ लांबलेलं, संपता संपत नाही असं. जुन्या नॉर्समधला 'टिकणारा, चिवट' या अर्थाचा शब्द याचा भाऊबंद. म्हणून जुन्या पुस्तकात रस्ता ड्रीख असतो, पाद्रीबुवांचं प्रवचन ड्रीख असतं, उधारी फेडायला वेळ लावणारा माणूसही ड्रीख असतो. मराठीत याला एकच चपखल शब्द सुचतो, 'रटाळ'. रटाळ भाषण आणि रटाळ पाऊस, दोन्हीकडे चालतो. त्यामुळे ड्रीख दिसला की लगेच छत्री उघडू नका, आधी वाक्यात कशाबद्दल बोलणं चाललंय ते बघा.

ड्रीखच्या शेवटचा 'ख' घशातून काढायचा, उर्दूतल्या 'ख़'सारखा. इंग्रजीनेही तो एकेकाळी उच्चारला, मग सोडून दिला आणि स्पेलिंगमध्ये मुकं 'जीएच' तेवढं उरलं. स्कॉट्सने तो सांभाळला. म्हणून नाइटचं 'निख्त', ब्राइटचं 'ब्रिख्त', डॉटरचं 'डॉख्तर'. (फारसी 'दुख्तर' आठवली ना? संस्कृत 'दुहिता'सकट सगळं एकच घराणं.) असाच दुसरा बदल: दक्षिणेत स्वर सरकले, उत्तरेत ते जुन्या जागी राहिले. हाउसचं 'हूस', डाउनचं 'डून', नाउचं 'नू'. तिसरा: होमचं 'हेम', स्टोनचं 'स्टेन', मोरचं 'मेर'. एवढे तीन नियम डोक्यात ठेवले तर स्कॉट किंवा स्टीव्हन्सनच्या संवादांतले अर्धेअधिक विचित्र शब्द मोठ्याने वाचताच उलगडतात. गिबन स्वतः स्पेलिंग फारसं मोडत नाही. तो लय स्कॉट्स ठेवतो आणि मोजके शब्द पेरतो.

खरा धोका मात्र अनोळखी शब्दांचा नाही. ड्रीख अडला तर आपण शब्दकोश उघडतो. ओळखीचा शब्द अडतच नाही, सरळ चुकीचा अर्थ देऊन पुढे जातो. 'ग्रीट' घ्या. इंग्रजीत स्वागत करणे, स्कॉट्समध्ये रडणे. दोन वेगळे शब्द, योगायोगाने सारखे दिसणारे. आई दारात उभी राहून 'ग्रीट' करत होती असं वाक्य आलं तर आपण हसरी आई डोळ्यांपुढे आणतो, आणि ती तिथे हमसून रडत असते. अख्खा प्रसंग उलटा! 'डाउट' त्याहून बेरकी. इंग्रजीत पाऊस येईल याबद्दल 'डाउट' आहे म्हणजे येणार नाही असं वाटतं. स्कॉट्समध्ये त्याच वाक्याचा अर्थ पाऊस येणार अशी धास्ती आहे. 'माइंड' म्हणजे हरकत असणे नव्हे, आठवणे. ओळखायची खूण एकच: पुढच्या दोन ओळींत पात्रं विचित्र वागताहेत असं वाटलं, तर पात्रांवर नको, मागच्या ओळखीच्या शब्दावर संशय घ्या.

मग राज्याची भाषा गोठ्यात कशी गेली? एका दिवसात नाही. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये बायबल आलं ते इंग्रजीत, स्कॉट्समध्ये छापलेलं नव्हतंच. म्हणजे देव इंग्रजी बोलू लागला. १६०३ मध्ये राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि दरबार घेऊन लंडनला गेला. १७०७ मध्ये संसदही गेली. आता वर चढायचं तर लंडनसारखं बोलायला हवं. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने १७५२ मध्ये लिखाणात टाळायच्या स्कॉटिश प्रयोगांची यादीच छापली. १७६१ मध्ये टॉमस शेरिडनने एडिंबरामध्ये शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्यानं दिली आणि तिथली प्रतिष्ठित मंडळी पैसे भरून बसली. शेरिडन स्वतः आयरिश! (कॉल सेंटरमधलं 'अॅक्सेंट ट्रेनिंग' आठवल्याशिवाय राहवत नाही.) १८७२ च्या कायद्याने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, आणि शाळा म्हणजे इंग्रजी. घरचा शब्द वर्गात तोंडातून निघाला तर तो 'चूक' ठरू लागला.

कादंबऱ्यांत हे सगळं दिसतं. वॉल्टर स्कॉटच्या 'द हार्ट ऑफ मिडलोथियन' (१८१८) मध्ये निवेदक शुद्ध इंग्रजीत बोलतो आणि जीनी डीन्स ही साधी मुलगी स्कॉट्समध्ये. बहिणीची फाशी टाळायला ती लंडन गाठते आणि थेट राणी कॅरोलाइनपुढे आपल्या भाषेत दयेची याचना करते. पुस्तकातलं सगळ्यात वजनदार बोलणं तेच. तरी स्कॉट्स अवतरणचिन्हांच्या आतच राहते. गिबनने शंभरेक वर्षांनी ती चिन्हं काढून टाकली, निवेदनच गावाच्या लयीत आणलं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपेत तो इंग्रज वाचकाला विचारतो, की डच भाषा साहित्यातून नाहीशी झाली असती आणि एखाद्या डच लेखकाने जर्मनमध्ये आपल्या शेतकऱ्यांची गोष्ट लिहिली असती, तर त्याला थोडी मोकळीक दिली असतीत ना?

आणि म्हणूनच क्रिसच्या आत दोन क्रिस आहेत. एक पुस्तकं वाचणारी, इंग्रजीत विचार करणारी, या चिखलातून पळू बघणारी. दुसरीला ती जमीन आणि तिथलं बोलणं सुटत नाही. शाळेतले इंग्रजी शब्द तिला स्वच्छ, नेमके वाटतात, पण आईबापाच्या चेहऱ्यावरचा शीण सांगायला ते पुरत नाहीत. मैत्रिणीला ज्या शब्दांची अडचण होतेय ते या दुसऱ्या क्रिसचे आहेत.

आता व्यवहाराचं. `dsl.ac.uk` वर स्कॉट्सचे दोन मोठे शब्दकोश एकत्र आणि फुकट आहेत, एक १७०० पर्यंतच्या भाषेचा, दुसरा त्यानंतरचा. प्रत्येक अर्थाखाली वर्ष आणि भाग दिलेला असतो, तो जरूर बघा, नाहीतर १९३२ च्या वाक्याला १५३२ चा अर्थ लावून बसाल. भाषा मेलेली नाही हेही तिथे कळतं. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं सांगितलं, आणि २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गेलिकसोबत तिलाही अधिकृत दर्जा दिला. मैत्रीण सध्या दुसऱ्या प्रकरणात आहे. ग्रीट आता तिला बरोबर कळतोय. त्या प्रकरणात तो लागेलच.