मासिक पाळीतील अतिरक्तस्राव आणि थकवा: घरी काय करावे, इस्पितळ केव्हा गाठावे

पाळीत रक्त अधिक जाते, ही तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो 'किती?' असा. त्याचे उत्तर बहुधा 'खूप' एवढेच मिळते. अडचण अशी की डोळ्यांना रक्ताचे प्रमाण कळत नाही. कुणाला थोडेसे रक्तही खूप वाटते. उलट, वर्षानुवर्षे दोन पॅड एकावर एक लावून वावरणारी स्त्री आपली पाळी सर्वसाधारण आहे असे समजून चालते, कारण तिच्या आईची आणि बहिणीचीही तशीच होती. म्हणून या विषयात अंदाजापेक्षा मोजणी महत्त्वाची. घरी राहावे की तातडीने निघावे, हा निर्णयही मोजणीवरच करता येतो.

अधिक म्हणजे किती?

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या पुढील रक्तस्राव वैद्यकशास्त्रात अतिरक्तस्राव मानला जातो. घरी मिलिलिटर मोजता येत नाहीत, परंतु काही खुणा पाहता येतात. पॅड दर एक-दोन तासांनी पूर्ण भिजणे, रात्री पॅड बदलण्यासाठी उठावे लागणे, कपडे किंवा अंथरूण डागणे, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गुठळ्या पडणे आणि सात दिवसांहून अधिक काळ स्राव चालू राहणे, यांपैकी काही दर पाळीला घडत असेल तर तपासणी करून घ्यावी. रक्तस्रावामुळे कामावर जाणे किंवा घराबाहेर पडणे टाळावे लागत असेल, तर तेवढे कारणही डॉक्टरांकडे जाण्यास पुरेसे आहे.

याहून नेमकी मोजणी हवी असेल तर डॉक्टर वापरतात ती गुणपद्धत घरीही वापरता येते. जेमतेम डागलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्या पॅडला ५ आणि पूर्ण भिजलेल्या पॅडला २० गुण द्यावेत. लहान गुठळीला १ आणि मोठ्या गुठळीला ५ गुण. पाळीच्या सर्व दिवसांची बेरीज १०० च्या पुढे गेली, तर रक्तस्राव अधिक असण्याची शक्यता मोठी असते. ही पद्धत साध्या आकाराच्या पॅडसाठी आहे. मोठ्या आकाराचे, रात्री वापरायचे पॅड अधिक रक्त शोषतात, त्यामुळे एका पाळीपुरता तरी एकाच प्रकारचा पॅड वापरावा.

एका पाळीची नोंद

उदाहरणादाखल फोंडा परिसरातील ४१ वर्षांच्या एका शिक्षिकेची कल्पना करू. पहिल्या दिवशी तिचे दोन पॅड किंचित डागले आणि दोन मध्यम भिजले, म्हणजे १२ गुण. दुसऱ्या दिवशी पाच पॅड पूर्ण भिजले, एक मध्यम भिजला आणि दोन मोठ्या गुठळ्या पडल्या, म्हणजे ११५ गुण. तिसऱ्या दिवशी तीन पूर्ण, दोन मध्यम आणि एक मोठी गुठळी, म्हणजे ७५. पुढील चार दिवसांचे मिळून २५. एकूण बेरीज २२७ झाली. पाळी सात दिवसांत आटोपते, म्हणून आपली पाळी 'वेळेवर आणि नीट' येते असे तिचे मत होते. मात्र खरा रक्तस्राव दोनच दिवसांत होऊन जात होता.

गेल्या वर्षापासून तिला शाळेचा जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारनंतर उभे राहवत नाही आणि कच्चे तांदूळ चघळण्याची इच्छा होते. ही शेवटची खूण अनेकदा हसण्यावारी नेली जाते. तांदूळ, माती किंवा बर्फ खावासा वाटणे हे लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे.

थकवा कुठून येतो?

एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. आहारातून शरीर दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषते आणि सुमारे एक मिलिग्रॅम पाळीखेरीज इतर मार्गांनी जाते. म्हणजे महिन्याकाठी पंधरा-वीस मिलिग्रॅम शिल्लक राहते. ३५ मिलिलिटरच्या पाळीत तेवढेच लोह जाते आणि हिशेब जुळतो. पाळीत १२० मिलिलिटर रक्त जाऊ लागले तर साठ मिलिग्रॅम लोह जाते, आणि दरमहा सुमारे चाळीस मिलिग्रॅमची तूट पडते. स्त्रीच्या शरीरातील साठा साधारण तीनशे मिलिग्रॅमचा असतो. साठा घटू लागला की शरीर अधिक लोह शोषू लागते, त्यामुळे ही घसरण काहीशी मंदावते, तरीही वर्ष-दीड वर्षात तिजोरी रिकामी होऊ शकते.

आधी साठा संपतो आणि नंतर हिमोग्लोबिन उतरते. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ असूनही थकवा असू शकतो. अशा वेळी फेरिटिन ही साठ्याची तपासणी करावी. ते ३० च्या खाली असल्यास लोह कमी आहे असे समजतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ८ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय म्हणतात.

घरी काढायचे दिवस

रक्तस्राव अधिक असला तरी पॅड दोन तास टिकत असेल आणि उभे राहताना चक्कर येत नसेल, तर ते दिवस घरी काढता येतात. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम किंवा मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, या दोहोंपैकी एकच औषध, जेवणानंतर दिवसातून तीनदा, पाळीच्या पहिल्या दिवसापासून दोन-तीन दिवस घेतल्यास वेदनेबरोबर रक्तस्रावही काही प्रमाणात घटतो. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकांनी बळावणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भधारणेची शक्यता असल्यास ही गोळी घेऊ नये. ताप असताना तर मुळीच घेऊ नये. पावसाळ्यात तो ताप डेंग्यूचा असू शकतो आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. तापासाठी पॅरासिटामोल घ्यावे. ॲस्पिरिन पाळीत टाळावे.

ट्रानेक्सॅमिक ॲसिड याहून परिणामकारक असून रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर आणते. एक ग्रॅम दिवसातून तीनदा, कमाल चार दिवस, असे ते देतात. मात्र पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झालेल्या स्त्रीला ते धोक्याचे ठरते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे लागते. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी फार्मसीतून परस्पर आणू नये. सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो आणि तो नेहमीपेक्षा अधिक असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

लोहाची गोळी दिवसाला एक किंवा एक दिवसाआड, रिकाम्या पोटी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्यापासून दोन तास दूर ठेवावी. शौच काळे होते, त्याने घाबरू नये. मळमळ झाली तर ती जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. महिन्याभराने हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढलेले दिसायला हवे, आणि ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवावी. आरोग्य केंद्रात मिळणारी आठवड्याची लाल गोळी ही कमतरता टाळण्यासाठी आहे, झालेली तूट तिने भरत नाही. तिसऱ्या, नाचणी, तीळ, अळीव जरूर खावे, पण दरमहा चाळीस मिलिग्रॅमची तूट ताटातून भरून निघत नाही.

केव्हा थांबू नये?

सलग दोन तास, दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, तर इस्पितळात जावे. लिंबाएवढ्या गुठळ्या एकामागून एक पडत असतील तरीही जावे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, भोवळ येऊन पडणे, बसल्या जागी नाडी मिनिटाला शंभराच्या वर जाणे, छातीत दुखणे, बसूनही धाप लागणे, हातपाय थंड पडून घाम सुटणे, यांपैकी काहीही असेल तर पॅड मोजत बसू नये.

ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच ८ च्या खाली आहे तिच्यासाठी दोन तासांची मुभाही नाही. साठा असलेले शरीर जो रक्तस्राव सोसते, तोच रिकाम्या शरीराला कोसळवू शकतो. म्हणून आपला शेवटचा हिमोग्लोबिनचा आकडा घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असावा.

पाळी चुकल्यानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे असेल, तर गर्भ नलिकेत राहिला असण्याची शक्यता असते. येथे रक्त बाहेर थोडे दिसते आणि पोटात अधिक साचते, त्यामुळे पॅडची मोजणी फसवते. प्रसूतीनंतरचा वाढता रक्तस्राव, तापातील रक्तस्राव आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतानाचा अतिस्राव यांतही त्याच दिवशी तपासणी हवी. मुलीच्या पहिल्या काही पाळ्यांतच पॅड भिजून वाहत असतील आणि हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष तपासावा लागतो.

अशा वेळी आडवे होऊन पाय उशीवर उंच ठेवावेत आणि १०८ ला फोन करावा. स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवत जाऊ नये. योनीत कापड किंवा कापूस कोंबू नये. किती तासांत किती पॅड, कोणती औषधे आणि शेवटची पाळी कधी, एवढे कागदावर लिहून न्यावे. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळे तसेच बांबोळीचे गोमेकॉ येथे दाखल होता येते.

कारण शोधणे

रक्तस्राव थांबला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. गर्भाशयातील गाठी, अस्तर स्नायूत शिरल्याने सुजलेले गर्भाशय, थायरॉईडचा विकार, तांबी, रजोनिवृत्तीपूर्वीचा संप्रेरकांचा असमतोल ही नेहमीची कारणे. सोनोग्राफी, रक्तगणना, फेरिटिन आणि थायरॉईड यांवरून बहुतेकांचा उलगडा होतो. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा नमुना तपासून कर्करोग नाही याची खात्री करतात. रजोनिवृत्तीनंतर एकदाच डाग दिसला, तरीही ही तपासणी चुकवू नये.

उदाहरणातील शिक्षिकेचे हिमोग्लोबिन ९.१ निघाले आणि सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीजवळ दोन सेंटिमीटरची गाठ दिसली, असे समजू. अशा गाठी अनेकदा योनीमार्गे दुर्बिणीने काढता येतात. पोकळी वाकडी करणारी गाठ नसेल, तर संप्रेरक सोडणारी तांबी पुढील काही वर्षे रक्तस्राव बराच कमी ठेवू शकते. गर्भाशय काढणे हा शेवटचा पर्याय. तो सुचवला गेल्यास आधीचे कोणते उपाय करून पाहिले आणि ते का अपुरे ठरले, हे डॉक्टरांना विचारावे. दोन-तीन पाळ्यांच्या नोंदींची वही हाती असली, तर त्या चर्चेला आधार मिळतो.