स्ट्रोब चकती

ग्रामोफोनच्या तबकडीचा वेग लुकलुकत्या प्रकाशात तपासण्याची रेघांची चकती. ती भ्रमणदर्शक तत्त्वावर चालते [→ भ्रमणदर्शक].

५० हर्ट्‌झ विजेवरचा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मिनिटाला ३३⅓ फेरे होत असतील, तर १८० रेघांचे वलय स्थिर भासते. ६० हर्ट्‌झसाठी २१६ रेघांचे वलय लागते. दोन्ही वलये एकाच चकतीवर छापलेली असल्याने गल्लत होते. न लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्याखाली रेघा नुसत्या पुसट दिसतात.

चाचणी ध्वनिमुद्रिका वाजत असताना, म्हणजे सुईचा भार असताना करतात. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, उलट सरकल्या तर कमी. मिनिटाला १८ रेघा मागे गेल्यास तबकडी एक दशांश फेरा, म्हणजे ०.३ टक्के मागे पडते. एकदिश विद्युत् मोटर असल्यास वेगाचा स्क्रू किंचित फिरवून हे सुधारतात. समकालिक मोटरला [→ विद्युत् चलित्र] असा स्क्रू बहुधा नसतो. तिचा वेग विजेची कंप्रता व कप्पीचा व्यास ठरवतात. कंप्रता घसरली तर दिवा आणि मोटर दोन्ही मंदावतात, त्यामुळे ती चूक चकतीवर दिसतच नाही.

सुई उचलताच रेघा स्थिर होत असतील व टेकवताच मागे सरकत असतील, तर पट्टा घसरत असतो. आधी पट्टा आणि कप्पी स्पिरिटने पुसून, वाळवून पुन्हा पाहतात. तरीही फरक उरला किंवा पट्ट्यावर चकाकी, भेगा, सैलपणा दिसला, तर पट्टा बदलतात. घसरणारा पट्टा ठेवून स्क्रू फिरवल्यास वेग थोड्याच दिवसांत पुन्हा ढळतो.